आत्याच्या पोट्ट्याला किती पडले?

दहावीचा निकाल मंडळ सकाळी अकराच्या सुमारास पत्रकार परिषदेत सांगतं आणि पोरांना तो मोबाइलवर दिसतो दुपारी एकला. मधल्या दोन तासांत विभागवार टक्केवारी कळते, मुलींनी बाजी मारल्याचं कळतं, कोकण पहिला आल्याचं कळतं. फक्त आपल्या घरी काय झालं ते कळत नाही. या दोन तासांत महाराष्ट्रात मीम पिकतात. म्हणजे निकालाच्या आधी निकालावरचा विनोद येतो आणि ज्याच्यावर तो केलेला असतो, ते पोरगं घामेजल्या हाताने तोच पुढच्याला पाठवत असतं.

यातले बरेच मीम एकाच घराण्यातले. वरच्या चित्रात पोरगा उड्या मारत सांगतो, "आई, ८४ पडले!" खालच्या चित्रात आईच्या कानाला फोन आणि फोनमध्ये ती विचारते, "हो का? अन् तुमच्याकडच्याले?" दुसऱ्यात चंद्रावर यान उतरतं, तर तिथे आत्याचा पोट्टा आधीच खुर्ची टाकून सराव प्रश्नसंच सोडवत बसलेला. तिसऱ्यात चित्रच नाही, नुसतं वाक्य आहे: "तो बी दोनच पोळ्या खाते ना?" हे तिसरं मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते मीमवाल्यांनी रचलेलं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदपासून वणीपर्यंत कोणत्याही स्वयंपाकघरात कान देऊन उभे राहा, निकालाच्या आठवड्यात हे वाक्य पोळ्यांसोबतच ऐकू येईल.

हिंदी पट्ट्यात हा मान शेजारच्या शर्माजींच्या मुलाला आहे. आपल्याकडे तो नात्यातल्या पोराकडे जास्त जातो आणि त्याला कारण आहे. शेजारचं पोरगं रोज दिसतं. ते गल्लीत क्रिकेट खेळताना कोणाची काच फोडतं, संध्याकाळी पानटपरीमागे काय करतं, हे आख्ख्या वॉर्डाला माहीत असतं. त्याला आदर्श करायला गेलं तर आपलंच पोरगं पुराव्यानिशी तोंड उघडतं. आत्याचा पोट्टा मात्र वर्षातून एकदा दिसतो, तोही कोणाच्या तरी लग्नात, इस्त्रीचा शर्ट घालून, मोठ्यांच्या पाया पडताना. बाकीचं वर्ष तो फक्त फोनवर ऐकू येतो. फोनवर पोरांचे मार्क ऐकू येतात, गुण ऐकू येत नाहीत. इतक्या स्वच्छ पोराशी कोण बरोबरी करणार?

मी गणिताचा मास्तर. त्यामुळे या विनोदातला मला बोचणारा भाग भावनेचा नसून आकड्यांचा आहे. मीममधल्या आईला मी कधीही "किती पैकी?" असं विचारताना पाहिलेलं नाही. खऱ्या आयाही विचारत नाहीत. कापूस विकून आलेल्या माणसाने "सत्तर हजार मिळाले" म्हटलं, तर आमच्याकडचं शेंबडं पोरगंही "किती क्विंटलचे?" असं विचारल्याशिवाय राहत नाही. पण "चौऱ्याण्णव मिळाले" हे ऐकल्यावर भलेभले शहाणे लोक वजन न करताच गाडी खाली करून घेतात.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो. ती दारव्ह्याकडची, राज्य मंडळाची, मराठी माध्यमाची. निकालाच्या दिवशी तिचे मार्क तिच्या आधी तिच्या काकूने पाहिले. यात जादू काही नाही. mahresult.nic.in वर निकाल पाहायला दोनच गोष्टी लागतात: परीक्षेचा बैठक क्रमांक आणि आईचं नाव. हा सरकारी पासवर्ड ज्याने ठरवला, त्याला नातेवाईक नसावेत. जगात आपला निकाल ज्या पाच-पंचवीस लोकांपासून लपवावासा वाटतो, त्या सगळ्यांना आपल्या आईचं नाव पाठ असतं. राहिला बैठक क्रमांक. तो भाचीच्या बापाने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, फेब्रुवारीतच 'आपला परिवार' या ग्रुपवर टाकला होता. हॉल तिकिटाचा फोटो आणि खाली "सर्वांचे आशीर्वाद असू द्या". आशीर्वाद सर्वांनी दिले. क्रमांक काहींनी लिहून ठेवला.

उलट तिच्या आत्याचा पोट्टा नागपूरला, सीबीएसईचा. तिथे निकाल पाहायला रोल नंबर, शाळेचा क्रमांक, प्रवेशपत्रावरचा आयडी अशी सगळी कागदपत्रं लागतात. त्यामुळे त्याचे मार्क आत्या सांगेल तेवढेच आणि ती सांगेल तेव्हाच कळतात. एका पोरीची गुणपत्रिका चौकात टांगलेली आणि दुसऱ्याची तिजोरीत, असा हा सामना सुरू होतो.

आता आकडे. भाचीला मराठीत ८४, हिंदीत ८६, इंग्रजीत ७१, गणितात ७९, विज्ञानात ८० आणि सामाजिक शास्त्रांत ८३. बेरीज ४८३. सहाशेपैकी ४८३ म्हणजे साडेऐंशी टक्के. पण गुणपत्रिकेवर ते येत नाहीत, कारण आपल्याकडे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त मार्क, तेच टक्केवारीसाठी धरायचे. इंग्रजी गळालं. राहिले ५०० पैकी ४१२, म्हणजे ८२.४० टक्के. पोरीने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती आणि तिला अ श्रेणी होती. त्याचे सात गुण वाढीव मिळतात. ४१२ अधिक ७, झाले ४१९, म्हणजे ८३.८०. एकच पोरगी, एकच परीक्षा, आणि टक्केवाऱ्या तीन: ८०.५०, ८२.४० आणि ८३.८०. तिन्ही खऱ्या.

काकूने साइटवरच्या सहा विषयांची बेरीज स्वतः केली आणि ग्रुपवर पहिला संदेश टाकला: "अभिनंदन बेटा, ८०". दशांशसुद्धा ठेवला नाही माउलीने. बहिणीने लगेच दुरुस्ती टाकली: "८३.८० आहे ताई, चित्रकलेचे धरून." त्यावर काकूने अंगठा दाखवला. व्हॉट्सअॅपवर अंगठ्याचे अर्थ पुष्कळ असतात. या अंगठ्याचा अर्थ माझ्या बहिणीने पुढे तीन दिवस लावला.

मग आत्याचा फोन आला. नागपूरच्या पोट्ट्याला चौऱ्याण्णव. आत्या खोटं बोलली नाही, हे मी मास्तर म्हणून छातीठोक सांगतो. पण सीबीएसई टक्केवारी काढतच नाही. तिच्या निकालपत्रावर विषयवार गुण असतात. एकूण टक्के, डिव्हिजन, डिस्टिंक्शन असलं काही मंडळ देत नाही. २०२३ च्या डिसेंबरात त्यांनी हे पुन्हा एकदा स्पष्टही केलं. पोराने पाचाहून जास्त विषय घेतले असतील, तर त्यातले चांगले पाच कोणते ते ज्याला गरज आहे त्या कॉलेजाने ठरवावं, असं मंडळ म्हणतं. म्हणजे चौऱ्याण्णव हा आकडा मंडळाच्या कचेरीत जन्मला नाही, तो आत्याच्या दिवाणखान्यात जन्मला. त्यात सहावा विषय धरला होता का? गणित 'स्टँडर्ड' होतं की 'बेसिक'? सीबीएसईत दहावीला २०२० पासून गणिताचे असे दोन पेपर आहेत आणि बेसिकचा पेपर सोपा असतो. हे प्रश्न मी बहिणीला सुचवले. ती म्हणाली, "दादा, असं इचारलं तं त्याह्यले वाटन आपण जळून राहिलो." खरं आहे. भाजक विचारणारा माणूस आपल्याकडे जळणारा ठरतो.

त्याच संध्याकाळी तिसरा आकडा आला. भाऊजींच्या चुलतभावाच्या मुलाला सीईटीत शहाण्णव. आता सीईटीचे शहाण्णव हे पर्सेंट नसून पर्सेंटाइल असतात. इंजिनिअरिंगच्या गटाचा पेपर २०० मार्कांचा. ९६ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १९२ नव्हेत. बसलेल्यांपैकी शंभरातले शहाण्णव त्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला चार लाख पोरं बसली असतील, तर याच्या पुढे अजून सोळा हजार उभी आहेत. मार्क कमी असूनही पर्सेंटाइल भारी दिसू शकतं, कारण ते पेपरातल्या उत्तरांपेक्षा रांगेतली जागा सांगतं. भाऊजींनी मात्र रात्री जेवताना तीन आकडे एका ओळीत मांडले: "याचे चौऱ्याण्णव, त्याचे शहाण्णव अन् आपल्या पोरीचे ऐंशी." दहावीचं राज्य मंडळ, दहावीची सीबीएसई आणि बारावीनंतरची प्रवेश परीक्षा एका ताटात. पाचवीच्या पोराने माझ्या वर्गात असे वेगळ्या छेदांचे अपूर्णांक थेट ताडले असते, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. भाऊजींना बाकावर उभं करता येत नाही. ते जावई आहेत.

भाऊजींचे स्वतःचे मार्क हा या घराण्यातला उत्खननाचा विषय आहे. ते नव्वदच्या दशकातले दहावी पास, तेव्हा परीक्षा ७५० मार्कांची होती. सहाही विषय धरायचे, इंग्रजी गळायची सोय नव्हती, चित्रकलेचे सात गुण कोणी देत नव्हतं, उलट चित्रं काढताना सापडलं की फटके मिळत. त्या हिशोबात त्यांना बावन्न टक्के पडले आणि गावात पेढे वाटले गेले. ही गोष्ट त्यांच्या आईने नातीला सांगितली. भाऊजींचं म्हणणं असं की तेव्हाचे बावन्न म्हणजे आताचे ब्याऐंशी. मी म्हटलं, "मग पोरगी तुमच्या पुढेच गेली ना भाऊजी?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि यंदा तुरीला भाव कसा राहील ते मला विचारलं.

मार्कांना सूज आली आहे, ती काही भाऊजींच्या डोळ्यांना आलेली नाही, आणि तिचं कारण कळण्यासारखं आहे. प्रत्येक विषयात वीस मार्क तोंडी, प्रात्यक्षिक किंवा शाळांतर्गत असतात. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले हे गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल कोसळून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले, निकाल ९५.३० वर गेला. एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं एवढी हुशार झाली नाहीत, हे सांगायला गणिताचा मास्तर नको. १०० टक्के मिळवणारी पोरं २०१९ मध्ये राज्यात २० होती, २०२५ मध्ये २११ झाली. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. आमच्या अमरावती विभागात पाच जिल्हे येतात, त्या पाचांत मिळून ११. मला प्रश्न असा पडतो की राज्यात २११ च पोरं असताना, यवतमाळच्या प्रत्येक घराच्या नात्यात त्यातलं एक कसं असतं?

पूर्वी बोर्डात आलेल्यांची गुणवत्ता यादी लागायची. पेपरात फोटो यायचा, त्यात आई पेढा भरवायची आणि बाप बाजूला उभा राहून कॅमेऱ्याकडे बघायचा. तुलनेने पोरं खचतात म्हणून मंडळाने ती यादी बंद केली. यादी बंद झाली, रिकामी जागा मात्र कोणी मोकळी ठेवत नाही. ती आता फ्लेक्सने भरली आहे. निकालानंतर यवतमाळच्या दत्त चौकात फिरून या. चाळीस-चाळीस चेहऱ्यांचे फ्लेक्स, प्रत्येक चेहऱ्याखाली आकडा, वर क्लासच्या संचालकांचा सगळ्यांहून मोठा फोटो. एकच पोरगी तीन क्लासच्या फ्लेक्सवर असते, कारण गणिताला इथे, विज्ञानाला तिथे आणि टेस्ट सिरीजला आणखी कुठे. तिच्या आईबापाचा फोटो कुठेच नसतो.

पण खरी तुलना फ्लेक्सवर होत नाही. ती समाजाच्या सत्कारात होते. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: जून-जुलैत आमच्याकडे प्रत्येक समाजाचं मंडळ 'गुणवंत विद्यार्थी सत्कार सोहळा' घेतं. मंगल कार्यालय एरवी रिकामंच असतं, पाहुणे म्हणून एखादे आजी-माजी आमदार मिळतात आणि ट्रॉफी नागपूरहून घाऊक भावात येते. पोरांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि दोन फोटो आणून द्यायचे. याची एक अट असते, तिला आम्ही 'लाइन' म्हणतो. पूर्वी साठच्या वर सत्कार होता. मग गर्दी झाली म्हणून पंच्याहत्तर केली. पोरं तिथेही मावेनात, ट्रॉफ्या कमी पडू लागल्या, म्हणून भाऊजींच्या मंडळाने लाइन पंच्याऐंशीवर नेली.

८३.८०. लाइन पंच्याऐंशी.

बहीण तरी झेरॉक्स घेऊन गेली. मंडळाचे सचिव ओळखीचे, तालेवार गृहस्थ. त्यांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी लाइन खाली केली तं मले तेवीस जण अजून घ्या लागतीन." माणूस प्रामाणिक होता. त्याच्याजवळ ट्रॉफ्यांचा हिशोब होता, पोरांचा नव्हता. वर समजूत म्हणून त्यांनी पोरीला स्वागतगीत म्हणायला बोलावलं. म्हणजे ज्यांचा सत्कार, त्यांच्यासाठी ही गाणार. पोरगी गेली, गायली, छान गायली. समोरच्या रांगेत आत्या बसली होती, कारण नागपूरच्या पोट्ट्याचा सत्कार गावच्या मंडळाने खास बोलावून केला. आत्याने टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. परतताना बहीण मला म्हणाली, "गाते मात्र चांगली. त्याले गाता नाई येत." आकड्यांच्या वाळवंटात तिला एक विहीर सापडली होती आणि दुसऱ्याला तहान लागल्याची खात्री केल्याशिवाय ती पाणी प्यायला तयार नव्हती.

आता मीमकडे परत येतो, कारण त्यात एक बदल झाला आहे आणि तो मला सगळ्यात जास्त खुपतो. सुरुवातीला हे मीम पोरं करायची, पोरंच पाहायची. आपल्यासारखं दुसऱ्याच्या घरीही आहे, एवढा दिलासा त्यात असायचा. हसून टोचणी कमी व्हायची. आता ते मीम आयाच पाठवतात. माझ्या बहिणीने चंद्रावरच्या आत्याच्या पोट्ट्याचं मीम 'आपला परिवार'वर टाकलं, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच पिवळे चेहरे. आत्यानेही हसणारे चेहरे टाकले. भाचीने ते पाहिलं, निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी बहीण तिला म्हणाली, "अवं, जोक होता. जोक बी समजत नाई तुले?"

विनोदाची ही गंमत आहे. सरळ म्हटलं, "तू त्याच्यापेक्षा कमी आहेस," तर पोरगी भांडू शकते, रडू शकते, मामाला फोन करू शकते. तेच हसत म्हटलं की भांडायची सोय जाते. रागावली तर तिला विनोद कळत नाही, हसली तर तिने मान्य केलं. ज्याला तक्रार करायची त्याच्याच तोंडून हशा काढून घ्यायचा, असला पेपर मी तीस वर्षांत काढला नाही.

याउलट काही दिलाशाचे मीम असतात. २०२३ मध्ये ठाण्याच्या एका रिक्षाचालकाच्या मुलाला सहाही विषयांत नेमके पस्तीस-पस्तीस पडले आणि आईबापांनी तो निकाल आनंदाने साजरा केला. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. आमच्या ग्रुपवर तो काकूने टाकला, लोकांनी हात जोडले, "असे आईबाप पाहिजेत" असं भाऊजींनी स्वतः लिहिलं. दुसऱ्याच्या पोराचे पस्तीस आपल्याला फार मोठ्या मनाचे बनवतात.

भाऊजी वाईट माणूस नाहीत. एका रात्री अंगणात खाटेवर बसून मी त्यांना सरळ विचारलं, "नागपूरच्या पोट्ट्याचं काय एवढं?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, मी काय त्याच्यासंगं कुस्ती खेळून राहिलो का? मले भेव वाटते." त्यांची चार एकर कोरडवाहू. बापाची बारा होती, तीन भावांत वाटली गेली. कापूस, सोयाबीन, मधात तूर. एक वर्ष पाऊस जातो, एक वर्ष बोंडअळी येते, आणि ज्या वर्षी दोन्ही येत नाहीत त्या वर्षी भाव जातो. या जिल्ह्याचं नाव देशाच्या पेपरात कशासाठी येतं ते त्यांना माहीत आहे. शेजारच्या गावात ते त्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या बहिणीचं लग्न नागपूरला नोकरदाराशी लागलं, भाऊ इथेच राहिला. एका आईच्या पोटची दोन लेकरं, आणि मधे पगाराची एक ओळ. त्या ओळीच्या पलीकडे पोरीला न्यायचं तर हातात मार्कांशिवाय दुसरं काही नाही, असं त्यांना वाटतं. "त्याले चौऱ्याण्णव पडले नसते तरी त्याच्या बापाले पगार हाये," भाऊजी म्हणाले. "इच्याजवळ काय हाये?"

हे ऐकल्यावर माझा भाजकावरचा तास तिथेच संपला.

पण त्या भीतीचा हिशोबही पक्का करायला हवा होता, म्हणून मी गप्प राहिलो नाही. अकरावीला विज्ञान, मग अकोला किंवा लातूर, दोन वर्षांचा क्लास, नाव खेड्यातल्या कॉलेजात आणि पोरगी शहरातल्या होस्टेलात. खर्च लाखाच्या वर, मेस वेगळी. आणि पुढे नीट. २०२५ ला देशभरात २२ लाखांच्या वर मुलं नीटला बसली, त्यातली १२ लाखांहून जास्त 'पात्र' झाली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. "आमचा नीट पास झाला" हे वाक्य नातेवाईक ज्या जोरात सांगतात, त्यात पास होणं आणि प्रवेश मिळणं यांच्यामधली दहा लाख पोरं गाडली जातात. पोरीला काय करायचं आहे, हे त्या रात्रीपर्यंत कोणी तिला विचारलं नव्हतं. विचारल्यावर ती म्हणाली की तिला डी.एड. करायचं आहे, नाहीतर चित्रकलेचं काही. भाऊजी म्हणाले, "मास्तरचीच भाची शोभली."

राहिला नागपूरचा पोट्टा. मीममध्ये त्याला संवाद नसतो. तो कोपऱ्यात चकाकत बसतो, कधी बोलत नाही. सत्काराच्या दिवशी जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागे होता, हातात ट्रॉफी, ती ठेवायला जागा नाही म्हणून काखेत धरलेली. मी विचारलं, "खूश का?" तो म्हणाला, "मामा, आमच्या क्लासमध्ये माझा नंबर एकतिसावा आहे. बाबा रोज विचारतात, पहिल्या दहात कधी येशील." त्याच्या वर्गात कोणी वर्ध्याचा पोट्टा आहे, अठ्ठ्याण्णववाला. त्याचं नाव नागपूरच्या जेवणाच्या टेबलावर रोज निघतं. तो पोट्टा कसा दिसतो हे आत्याने कधी पाहिलेलं नाही. "आणि त्याला?" मी विचारलं. "त्याला लातूरवाला," पोरगा म्हणाला आणि जिलेबी घ्यायला पुढे सरकला. मग थांबून त्याने विचारलं, "मामा, ती मस्त गायली ना? मला शिकायचं होतं तबला. दहावी झाल्यावर, म्हणाले होते. आता म्हणतात बारावी झाल्यावर."

ज्या घरात पोरगं बोलायचं बंद झालंय, जेवण टाकतंय, रात्री झोपत नाही, तिथे विनोद थांबवून १४४१६ हा नंबर फिरवावा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे मी शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि पालकांच्या सभेतही सांगतो. सभेत हसू येत नाही, म्हणून ते कोणी पुढे पाठवत नाही.

बाकी माझी नातेवाईक मंडळींना एकच विनंती आहे, आणि ती व्यवहाराची आहे. ऑनलाइन निकाल लागल्यापासून छापील गुणपत्रिका शाळेत यायला साधारण दोन आठवडे जातात. तेवढे दिवस फोन करू नका. बैठक क्रमांक लिहून ठेवला असेल तर तो कागद फाडा. फारच राहवलं नाही तर फोन करा, पण पोरीलाच द्यायला सांगा, आणि मार्क सोडून काहीही विचारा. पुढच्या फेब्रुवारीत हॉल तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या बापांनो, आशीर्वाद मागताना क्रमांकावर निदान अंगठा ठेवा.